चौदाशे अंशांच्या पुढची रेघ

गेल्या महिन्यात शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीच्या मालकांनी चहाला बोलावलं आणि मी नीट टेकायच्या आत एक छापलेला मेल माझ्यापुढे सरकवला. "वाचा आणि सांगा, ह्यात मी पैसे कशाचे दिले?" त्यांनी आठ महिन्यांच्या ओतकामाच्या नोंदी एका तरुण विश्लेषक बाईंकडे दिल्या होत्या. त्यांचं उत्तर असं होतं:

"नमस्कार साहेब, तुम्ही पाठवलेल्या नोंदींवर रिग्रेशन करून पाहिलं. लोखंड ओततानाचं तापमान जास्त असतं तेव्हा रिजेक्शन कमी दिसतं, साधारण दर १० अंशांमागे ०.६ टक्क्याने. मात्र हा फक्त संबंध आहे. तापमान वाढवल्यामुळेच रिजेक्शन कमी होतं, असं यावरून म्हणता येत नाही. तसंच तुमच्या सगळ्या नोंदी १३५० ते १४०० अंश सेल्सिअसच्या दरम्यानच्या आहेत. त्यापलीकडे ही रेघ ओढून अंदाज बांधू नयेत, ही विनंती."

(आकडे समजायला सोपे जावेत म्हणून मी गोल केले आहेत. दोघांच्या संमतीने, पण नावं टाळून लिहितो आहे.)

टेबलाभोवती आणखी दोघं होते. उद्यमनगरात मशीन शॉप चालवणारे एक स्नेही म्हणाले, "हे म्हणजे डॉक्टरनं ताप आहे म्हणून सांगायचं आणि वर म्हणायचं, औषध विचारू नका. अंग काढून घ्यायची भाषा आहे ही." दुसरे एक निवृत्त प्राध्यापक. त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि एकच वाक्य टाकलं, "सहसंबंध म्हणजे कार्यकारणभाव नव्हे. पोरीनं बरोबर लिहिलंय, विषय संपला." मालक बिचारे मधल्या मध्ये. त्यांचा प्रश्न साधा होता. "व्हय का न्हाई तेवढं सांगा की. भट्टी वाढवू का नको?"

हा वाद मी याआधीही ऐकला आहे. साखर उताऱ्याच्या आकड्यांवरून ऐकला, दुधाच्या फॅटवरून ऐकला, आणि प्रत्येक वेळी तो असाच दोन बाजूंनी वाईट लढला जातो. माझं मत आधीच सांगून टाकतो. मेलमधली ती दोन वाक्यं अंग काढून घेण्यासाठी नाहीत. ०.६ हा आकडा जितका उत्तराचा भाग आहे, तितकीच तीही आहेत. ती काढली तर उरलेला आकडा खोटा ठरतो. पण प्राध्यापकांसारखं त्या वाक्यांपाशी येऊन हात झाडणं हाही त्यांचा गैरवापरच आहे. मेल चुकीचा नव्हता, अर्धा होता.

आधी मालकांच्या डोक्यात काय चाललं होतं ते पाहू, कारण ते मूर्खपणाचं अजिबात नव्हतं. रिग्रेशन म्हणजे शेवटी ठिपक्यांच्या गर्दीतून काढलेली एक रेघ. इथली रेघ अशी होती:

रिजेक्शन % = ६.५ − ०.०६ × (तापमान − १३५०)

म्हणजे १३५० अंशांना साडेसहा टक्के माल वाया, १४०० अंशांना साडेतीन. मालकांनी खिशातलं पेन काढून पुढचा हिशेब केला: १४५० ला अर्धा टक्का. भट्टीची वीज थोडी जास्त जाईल, जाऊ दे. सहा टक्क्यांची कास्टिंगं भंगारात जाण्यापेक्षा परवडलं. मी त्यांना म्हटलं, "आणखी दहा अंश चढवा." त्यांनी केलं आणि पेन थांबलं. १४६० ला उत्तर येतं उणे ०.१ टक्का. म्हणजे हजार कास्टिंगं ओतली तर हजार एक चांगली निघणार. मालक हसले, पण लगेच म्हणाले, "१४६० चं सोडा, १४५० चं तर बरोबर असंल?" इथेच खरी गोम आहे. रेघ १४६० ला उघडपणे वेडी होते म्हणून आपल्याला हसू येतं. १४५० ला ती तितकीच निराधार असते, फक्त तिथे ती शहाण्यासारखी दिसते. १४०० च्या पुढे तिच्याखाली एकही ठिपका नाही.

पण तो झाला दुसऱ्या इशाऱ्याचा भाग. पहिला इशारा, "हा फक्त संबंध आहे", हा जास्त खोल आहे आणि त्यासाठी ओतकामाच्या शेडमध्ये जावं लागतं. माझी बावीस वर्षं फौंड्र्यांच्या क्वालिटी खात्यात गेली, म्हणून तिथे काय होतं ते सांगतो. भट्टीतून लोखंड लॅडलमध्ये, म्हणजे ओतायच्या मोठ्या भांड्यात, घेतात. घेताना त्यात इनॉक्युलंट टाकतात, म्हणजे फेरोसिलिकॉनचे बारीक खडे. त्यामुळे लोखंड गोठताना त्यातला कार्बन ग्राफाइटच्या रूपात नीट वेगळा होतो. तसं झालं नाही तर पातळ कडा पांढऱ्या आणि काचेसारख्या कडक होतात. कामगार त्याला 'हार्ड आलंय' म्हणतात आणि मशीन शॉपवाल्याचं टूल मोडलं की तोही तेच म्हणतो, फक्त जरा मोठ्या आवाजात. या खड्यांचा गुण टिकाऊ नसतो. मिनिटागणिक तो उतरत जातो आणि दहा-पंधरा मिनिटांत बराचसा निघून जातो. इकडे लॅडल एकेका बॉक्सवरून, म्हणजे रेतीच्या साच्यावरून, पुढे सरकत असते. पहिल्या बॉक्समध्ये लोखंड १४०० ला पडतं, शेवटच्या बॉक्सला पोचेपर्यंत १३५० झालेलं असतं.

आता नोंदींकडे पुन्हा पाहा. शेवटच्या बॉक्समधलं लोखंड गार झालेलं असतं, आणि तेच जुनंही झालेलं असतं. तापमान उतरतं आणि इनॉक्युलंटचा गुणही उतरतो, दोन्ही एकाच घड्याळावर. मालकांच्या वहीत तापमानाचा रकाना होता, मिनिटांचा नव्हता. त्यामुळे रिग्रेशनला जे काही सापडलं ते सगळं तापमानाच्या नावावर जमा झालं. दोन भाऊ रोज एकत्र शेतात जातात आणि वहीत एकाचंच नाव लिहायची पद्धत आहे. मग वर्षअखेर सगळी मजुरी त्या एकाच्या खात्यावर दिसणार, यात नवल काय? आकडेमोडीत कुठेही चूक नाही. नोंदच एकाची आहे.

यात व्यवहाराचा फरक काय पडतो, असं मशीन शॉपवाले स्नेही म्हणाले. सगळा फरक तिथेच पडतो. समजा निम्मं रिजेक्शन खरोखर गारपणामुळे आहे. पातळ फासळीपर्यंत लोखंड पोचत नाही, दोन बाजूंनी आलेले प्रवाह एकजीव होत नाहीत आणि सांधा राहतो, ज्याला आपण कोल्ड शट म्हणतो. ते तापमान वाढवून कमी होईल. पण उरलेलं निम्मं जर कडांच्या कडकपणाचं असेल, तर भट्टी कितीही तापवा, शेवटच्या बॉक्सपर्यंत जायला तेवढीच मिनिटं लागणार आणि गुण तेवढाच उतरणार. उलट लोखंड फार तापवलं तर ग्राफाइटला धरून वाढायला जी बीजं लागतात तीच विरघळून जातात, आणि हार्ड येण्याची तक्रार वाढू शकते. 'तापमान जास्त तिथे रिजेक्शन कमी' हे वाक्य खरं आणि 'तापमान वाढवा, रिजेक्शन तेवढंच कमी होईल' हे वाक्य खोटं, असं एकाच वहीतून निघू शकतं. पहिलं वाक्य जे घडलं त्याबद्दल आहे, दुसरं आपण हात घातल्यावर काय घडेल त्याबद्दल.

मालकांनी शेवटचा पत्ता टाकला. "आर स्क्वेअर ०.८ आलंय म्हणं. म्हणजे ऐंशी टक्के खात्री झाली की." हा गैरसमज इतका पसरलेला आहे की त्यावर थोडं थांबतो. आर स्क्वेअर एवढंच सांगतो की ठिपक्यांची वरखाली रेघेने किती टिपली. रेघेमागचं कारण बरोबर आहे की नाही, याच्याशी त्याचं काही देणंघेणं नाही. शिवाय इथे प्रत्येक ठिपका म्हणजे एक कास्टिंग नव्हता. आठवड्याभरातल्या एकाच क्रमांकाच्या बॉक्सची सरासरी होती. सरासऱ्या घेतल्या की खडबडीतपणा निघून जातो आणि रेघ जास्तच देखणी बसते. त्या ०.८ मधला बराच भाग तो गुळगुळीतपणा होता.

आता समोरच्या बाजूचं जे खरोखर वजनदार आहे ते मान्य करायला हवं. पहिली गोष्ट, कारखानदाराला सोमवारी सकाळी भट्टी लावायचीच असते. तो काहीतरी तापमान ठरवणारच. 'सिद्ध होत नाही' असं सांगून त्याला रिकाम्या हातानं परत पाठवलं तर तो निर्णय घ्यायचा थांबत नाही, फक्त आपल्याला न विचारता घेतो. स्नेह्यांचा राग इथे रास्त होता.

दुसरी गोष्ट याहून मोठी आहे, आणि प्राध्यापकांना मी तीच ऐकवली. 'हा फक्त संबंध आहे' या वाक्याचा इतिहास काही स्वच्छ नाही. १९५० मध्ये इंग्लंडमध्ये रिचर्ड डॉल आणि ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांनी इस्पितळातल्या रुग्णांच्या नोंदींवरून सिगारेट आणि फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध दाखवला. प्रयोग करणं शक्यच नव्हतं. माणसांना वीस वर्षं सिगारेट ओढायला लावून कोण बघणार? तेव्हा विरोधात कोण उभं राहावं? रोनाल्ड फिशर, विसाव्या शतकातला संख्याशास्त्राचा सर्वात मोठा माणूस. १९५७-५८ च्या सुमारास त्यांनी लिहिलं की कदाचित एखादा आनुवंशिक गुण माणसाला सिगारेटकडेही ओढत असेल आणि कर्करोगाकडेही. तर्क म्हणून यात खोट नव्हती. ओतकामातल्या गारपणाच्या आणि जुनेपणाच्या जोडीसारखाच हा तर्क आहे. फिशर त्या काळात तंबाखू उत्पादकांच्या समितीचे सल्लागारही होते. कंपन्यांनी तर हे 'सिद्ध कुठे झालंय' पुढे कित्येक वर्षं ढालीसारखं वापरलं. त्या वर्षांत माणसं मरत होती. मग ज्या वाक्याच्या आडून एवढं झालं, ते वाक्य मेलमध्ये लिहिणाऱ्या मुलीची बाजू मी कुठल्या तोंडाने घ्यायची?

घ्यायची, कारण त्या वादाचा निकाल कसा लागला ते पाहण्यासारखं आहे. १९५९ मध्ये जेरोम कॉर्नफील्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फिशरना उडवून लावलं नाही. ते म्हणाले, ठीक आहे, लपलेला तिसरा गुण आहे असं धरून चालू. मग तो केवढा असायला हवा? सिगारेट ओढणाऱ्यांत कर्करोगाचं प्रमाण नऊपट असेल, आणि ते सगळं त्या लपलेल्या गुणामुळेच असेल, तर तो गुणही ओढणाऱ्यांमध्ये न ओढणाऱ्यांच्या किमान नऊपट आढळायला हवा. असा गुण दाखवा. कुणालाच दाखवता आला नाही. म्हणजे 'हा फक्त संबंध आहे' हे वाक्य चुकीचं ठरलं असं नाही. त्याच्यापुढचा प्रश्न विचारला गेला आणि त्याचं उत्तर आलं. तंबाखू कंपन्यांचं पाप ते वाक्य बोलण्यात नव्हतं, तिथेच थांबण्यात होतं. आमच्या प्राध्यापकांना कंपन्यांच्या पंक्तीला बसवायचा माझा हेतू नाही, पण 'विषय संपला' हे शब्द मात्र तिथलेच.

आणि शिरोलीत हाच प्रश्न विचारला तर काय होतं? लपलेला तिसरा गुण केवढा असायला हवा आणि तो आहे का? इथे तो शोधावाही लागत नाही. लॅडलमागे घड्याळ घेऊन पंधरा मिनिटं उभं राहिलं की दिसतो. तो लहान नाही, आणि तापमानाशी जवळजवळ हातात हात घालून चालतो. सिगारेटच्या बाबतीत इशारा तपासून बाजूला ठेवता आला. ओतकामाच्या बाबतीत तपासल्यावर तो आणखी गंभीर झाला. इशारा एकच, पण त्याचं वजन दर ठिकाणी मोजून ठरवावं लागतं. सगळीकडे एकाच तराजूत टाकणारे दोन्ही बाजूंचे लोक इथे चुकतात.

आपल्याकडचं एक उदाहरण मला यासाठी फार आवडतं, कारण ते पुराचं आहे आणि कोल्हापूरकराला पूर समजावून सांगावा लागत नाही. १९२६ साली ओरिसात ब्राह्मणी नदीला मोठा पूर आला. अभियंत्यांचं मत पडलं की नदीचं पात्र गाळाने वर आलंय, म्हणून काठाचे बांध उंच करा. प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी अनेक वर्षांच्या नोंदी तपासल्या आणि दाखवलं की पात्र वर आल्याचं काही दिसत नाही. पुराचं कारण वरच्या खोऱ्यात पडलेला जबर पाऊस आहे. बांध उंच करून तो कमी होणार नव्हता. चुकीच्या कारणाला धरून खर्च केला असता तर तो सगळा वाहून गेला असता, अगदी शब्दशः. एका बाजूला नजरेला पटणारं कारण, दुसऱ्या बाजूला वहीत शोधून काढलेलं; भट्टी तापवण्याचा निर्णय याच जातीचा आहे.

आता रेघ पुढे ओढण्याबद्दल, ज्याला एक्स्ट्रापोलेशन म्हणतात. स्नेह्यांनी इथेही एक चांगला मुद्दा काढला होता. "उद्याचा कुठलाही अंदाज म्हणजे रेघ पुढे ओढणंच की. मग कुणी अंदाजच करायचा नाही का?" बरोबर आहे. एडमंड हॅलीने १७०५ मध्ये जुन्या धूमकेतूंच्या नोंदींवरून सांगितलं की तोच धूमकेतू १७५८ च्या सुमाराला परत येईल. तो स्वतः तोवर वारला, पण धूमकेतू १७५८ च्या डिसेंबरात दिसला. पन्नास वर्षं पुढे ओढलेली रेघ! मग १४०० वरून १४५० ला जायला कसली भीती? फरक हा की हॅलीच्या रेघेखाली न्यूटनचा नियम होता. ठिपके संपले तरी नियम संपत नव्हता. आमच्या रेघेखाली ठिपक्यांशिवाय काहीच नाही. आणि जे धातुशास्त्र आपल्याला माहीत आहे ते तर उलट सांगतं की ही रेघ वाकणार.

कशी वाकणार? लोखंड जास्त गरम पडलं की रेतीच्या कणांमध्ये शिरतं, रेती कास्टिंगला चिकटून बसते आणि फेटलिंगची पोरं छिन्नी घेऊन दिवसभर तासत राहतात. गोठताना जास्त आकसतं, जाड भागात पोकळी राहते. आणि ओतताना १४५० हवं असेल तर लॅडलमध्ये जाणारी उष्णता धरून भट्टीत १५०० च्या आसपास न्यावं लागतं. त्या तापमानाला वितळलेल्या लोखंडातला कार्बन भट्टीच्या सिलिका अस्तराशीच रासायनिक भांडण काढतो. अस्तर झिजतं, लोखंडातला कार्बन घटतो, सिलिकॉन वाढतं. म्हणजे रिजेक्शन खाली येता येता एका ठिकाणी तळ गाठतं आणि मग वेगळ्याच दोषांनी वर चढायला लागतं. तो तळ १४१० ला आहे की १४३० ला, हे आठ महिन्यांच्या नोंदींत नाही, कारण त्या महिन्यांत तिथे कुणी गेलंच नाही.

पंचगंगेच्या काठावर राहणाऱ्या प्रत्येकाने हे अनुभवलेलं आहे, फक्त त्याला हे नाव दिलेलं नसतं. जुलैत राजाराम बंधाऱ्याची पातळी सकाळ-संध्याकाळ विचारली जाते. ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका. आणि गल्लीत एखादे काका असतातच, ज्यांचा हिशेब तयार असतो: काल एवढा पाऊस झाला तर पाणी दोन फूट चढलं, आज तेवढाच झाला म्हणजे आणखी दोन फूट. हा हिशेब बरेच दिवस बरोबर येतो. मग राधानगरी धरण भरतं आणि स्वयंचलित दरवाजे आपोआप उघडतात. आता पाऊस तोच, पण भोगावतीतून येणारं पाणी वेगळं. काकांची रेघ तिथे तुटते. नदी पात्र सोडून शेतात पसरली की आणखी एकदा बदलते, कारण तेवढंच पाणी आता बोटं-बोटं चढतं. २००५ च्या खुणेवर विसंबून ज्यांनी २०१९ मध्ये माळ्यावर सामान ठेवलं, त्यांच्याकडेही एक रेघ होती आणि तिच्या टोकाला एकच ठिपका होता. पाणी त्या खुणेच्या वर गेलं.

इथे एक तांत्रिक फसवणूक सांगायला हवी, कारण तिला शिकलेली माणसंही बळी पडतात. संगणक रेघेसोबत वर-खाली एक पट्टा काढून देतो: अंदाज एवढ्या हद्दीत असेल. १४५० साठी विचारलं तर तिथलाही पट्टा देतो, जरा रुंद. माणसाला वाटतं, चला, अनिश्चितता धरली गेली. नाही धरली गेली. तो पट्टा ठिपक्यांच्या विखुरण्यावरून काढलेला असतो आणि रेघ पुढेही सरळच जाईल हे गृहीत धरून रुंद केलेला असतो. रेघ वाकेल ही शक्यता त्यात नसतेच. म्हणून 'अंदाज बांधू नयेत' असं मेलमध्ये शब्दांत लिहावं लागतं. ते आकड्यांतून कुठेही उमटत नाही.

तर मेल अर्धा होता म्हणजे काय? नंतर त्या विश्लेषक बाईंशी फोनवर बोललो तेव्हा मी स्पष्टच विचारलं, "शेड बघितली होती का?" त्या म्हणाल्या, "नाही काका, फाइल आली होती तेवढीच." दोष एकट्या त्यांचा नाही. मालकांनी दोन रकाने पाठवले आणि दोन रकान्यांच्या पैशात कारण हवं म्हणाले. पण इशाऱ्यात तीन गोष्टी यायला हव्या होत्या, ज्या त्यांना फाइलवरूनही विचारता आल्या असत्या: तापमानाबरोबर आणखी काय काय बदलतं, रिजेक्शनमध्ये कोणकोणते दोष आहेत, आणि हे दोन्ही वेगळं करायचं तर येत्या पंधरा दिवसांत काय करून बघायचं. त्या शेवटच्या ओळीशिवाय इशारा म्हणजे बंद दार. मालकाला दार दिसतं, कडी दिसत नाही.

ती ओळ मालक, त्या बाई आणि मी अशा तिघांनी मिळून लिहिली. रोज प्रत्येक हीटला, म्हणजे भट्टीत एका वेळी वितळवलेल्या लोखंडाला, नाणं उडवायचं. छापा आला तर लोखंड २० अंश जास्त तापवून घ्यायचं, काटा आला तर नेहमीसारखं. बाकी काही बदलायचं नाही. नाणं कशाला, सुपरवायझर ठरवेल की, असं मालक म्हणाले. पण सुपरवायझर चांगल्या शिफ्टला, चांगल्या मालाला गरम लोखंड देणार. त्याचा तो धंद्यातला शहाणपणाच असतो, आणि आपल्याला मात्र पुन्हा जोडगोळीच मिळते. (नाण्यावर सोपवायची ही पद्धत प्रयोगशास्त्रात रुजवली ती याच फिशरनी. माणूस एका गोष्टीत चुकला म्हणून सगळंच टाकून द्यायचं नसतं.) प्रत्येक बॉक्सला तीन नोंदी: तापमान, लॅडल भरल्यापासूनची मिनिटं, आणि माल वाया गेला तर नेमका कशाने. पहिल्या आणि शेवटच्या बॉक्सच्या वेळी एक छोटी पाचर ओतायची, गार झाली की फोडायची आणि टोकाला पांढरा भाग किती आहे ते पट्टीने मोजायचं. इनॉक्युलंटचा गुण किती उतरला हे ती पाचर सांगते. २० अंशांनी पहिला बॉक्स १४२० ला जातो, म्हणजे नोंदींच्या बाहेर एक पाऊल. पण ते प्रत्यक्ष टाकून बघितलेलं पाऊल होतं.

दोन आठवड्यांच्या नोंदी म्हणजे काही काळ्या दगडावरची रेघ नव्हे, हे धरून सांगतो. शेवटच्या बॉक्समधला कोल्ड शट गरम हीटमध्ये ठळकपणे कमी झाला. मालकांची शंका खरी होती. कडा हार्ड येणं जवळजवळ तसंच राहिलं, पाचरीचं पांढरं टोकही तेवढंच. आणि पहिल्या दोन-तीन बॉक्सना रेती चिकटायला लागली, जे आधी होत नव्हतं. सगळं मिळून १० अंशांमागे फायदा ०.६ चा नाही, त्याच्या निम्म्याच्या आसपास निघाला. प्राध्यापकांचं ऐकून मालक गप्प बसले असते तर तो निम्माही गेला असता. पेनाने काढलेल्या १४५० वर गेले असते तर अस्तर बदलायला भट्टी बंद ठेवावी लागली असती.

भट्टी त्यांनी शेवटी थोडीच वाढवली. लॅडल लहान घेतली, म्हणजे शेवटच्या बॉक्सला लोखंड लवकर पोचतं, गारही होत नाही आणि जुनंही होत नाही. ओततानाच्या धारेत चिमूटभर इनॉक्युलंट सोडायची सोय करून बघताहेत. पुढच्या महिन्यात त्यांना एसजी आयर्नचं, म्हणजे मॅग्नेशियम घालून ग्राफाइट गोलसर केलेल्या लोखंडाचं, काम मिळतंय आणि हाच तक्ता तिथे चालेल का, असा प्रश्न बाईंकडे गेला आहे. एसजीमध्ये मॅग्नेशियमही मिनिटागणिक उडून जातं, त्यामुळे तिथे घड्याळ आणखी कडक चालतं. या वेळी उत्तर पाठवायच्या आधी त्या शिरोलीला येऊन लॅडलमागे उभ्या राहिल्या, आणि फौंड्रीच्या नव्या वहीत मिनिटांचा रकाना छापूनच आला आहे.